अननसाचा अपसाइड-डाउन केक: नक्षी अख्खी कशी उतरवायची

प्रश्न: "माझा अननसाचा अपसाइड-डाउन केक चवीला चांगला होतो, पण ताटात उपडा केला की दोन-तीन चकत्या भांड्यालाच चिकटून राहतात, कॅरॅमल तळाशी काचेसारखं कडक बसलेलं असतं आणि केकचा मधला भाग ओलसर लागतो. कॅरॅमल नुसत्या साखरेचं करते, अननस ताजा घेते, भांडं ९ इंची अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि ओटीजीत भाजते. केक पूर्ण गार झाल्यावरच काढते. कुठे चुकतंय?"

तुमच्या प्रश्नातच दोन्ही मुख्य कारणं आहेत: नुसत्या साखरेचं कॅरॅमल आणि पूर्ण गार होईपर्यंत वाट पाहणं. साधा स्पंज केक गार करून काढणं योग्य आहे, कारण गरम स्पंज नाजूक असतो. या केकमध्ये मात्र तळाशी साखर आहे. ती गरम असते तोवर पातळ राहते आणि गार होताना घट्ट होत जाते. भांडं हाताला कोमट लागेपर्यंत थांबलात तर तिने भांड्याचा तळ आणि अननसाच्या चकत्या एकमेकांना जखडून टाकलेल्या असतात. मग उपडा केल्यावर केक खाली येतो आणि चकत्या वर राहतात, कारण चकती आणि केक यांची पकड चकती आणि साखर यांच्या पकडीपेक्षा कमजोर असते.

कॅरॅमलचं आधी बघू, कारण ते नीट जमलं की काढायच्या वेळेचीही बरीच सवलत मिळते.

अमेरिकेत हा केक घराघरांत पोचला तो डबाबंद अननसामुळे. १९२५ साली हवाईच्या अननस कंपनीने, म्हणजे आजच्या डोलने, अननसाच्या पाककृतींची स्पर्धा घेतली. हजारो पाककृती आल्या आणि त्यांतल्या दोन हजारांहून अधिक याच केकच्या होत्या. त्याआधीही तिथे बिडाच्या जाड तव्यात फळं खाली आणि केक वर अशी पद्धत होती. तव्यातच लोणी वितळवायचं, त्यावर ब्राउन शुगर पसरायची, फळं मांडायची आणि वरून मिश्रण ओतायचं. त्या तळाला खरं तर कॅरॅमल म्हणता येणार नाही. तो लोणी-साखरेचा मऊ पाक असतो आणि ब्राउन शुगरमधल्या मळीमुळे तो सहसा फार कडक होत नाही. तुम्ही पांढरी साखर जाळून खरं कॅरॅमल करताय. त्याची किंचित कडवट चव अननसाच्या आंबटगोडाला फार शोभते, म्हणून मीही तेच करते. पण साखर वितळून रंगावर येते तेव्हा तिच्यातलं पाणी जवळपास सगळं उडालेलं असतं आणि पाणी नसलेली साखर गार झाली की काचच होते. तिला मऊ ठेवायचं तर पाणी आणि चरबी दोन्ही परत द्यावी लागतात.

२३ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या ९ इंची भांड्यासाठी मी १०० ग्रॅम साखर, २ मोठे चमचे पाणी आणि लिंबाच्या रसाचे ३-४ थेंब घेते. शिवाय ४० ग्रॅम लोणी, २ मोठे चमचे अननसाचा रस आणि चिमूटभर मीठ. कॅरॅमलसाठी स्टीलचं, आतून पांढरट दिसणारं जाड बुडाचं पातेलं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही आणि या कामात सगळा निर्णय रंगावर असतो. साखर, पाणी आणि लिंबू मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत हलवलंत तरी चालेल, पण एकदा उकळी आली की चमचा घालू नका. पातेलं उचलून नुसतं गोल फिरवा. चमच्याला किंवा काठाला लागलेला साखरेचा एखादा कण परत पाकात पडला तर त्याच्याभोवती दाणे धरू लागतात आणि बघता बघता सगळा पाक पांढुरका, रवाळ होतो. काठावर कण दिसले तर ओला ब्रश फिरवून ते खाली धुऊन टाका. लिंबाचं आम्ल साखरेचं थोडं विघटन करतं, त्यामुळे दाणे सहजी धरत नाहीत.

रंग आधी गवती पिवळा येतो, मग मधाचा, मग बिनदुधाच्या चहासारखा लालसर तपकिरी. मध ते चहा हे अंतर काही सेकंदांचं असतं. मधाच्या थोडं पुढे गेलं की गॅस बंद करा, कारण गरम पातेल्यात ते पुढे शिजतच राहतं. लगेच लोणी घाला, ते विरघळलं की रस घाला. रस पडल्यावर जोरात फसफसतं आणि वाफ येते, म्हणून चेहरा लांब ठेवा. थोडी साखर गोळा होऊन कडक झाली तर घाबरू नका. मंद आचेवर अर्धा-एक मिनिट ठेवून हलवलं की ती विरघळते. लोणी वर तरंगून वेगळं दिसलं तरी चालेल, भाजताना ते केकमध्ये जिरतं.

हे कॅरॅमल भांड्यात ओतून तळभर पसरवा. थर साधारण ३ मिलिमीटर हवा. त्याहून जाड थर केला तर चकत्या त्यात पोहायला लागतात आणि कॅरॅमल केकमध्ये वर चढतं. अधिक कॅरॅमल म्हणजे अधिक छान असं वाटतं खरं, पण नक्षी बिघडण्याचं हे एक मोठं कारण आहे. भांड्याच्या कडांना मऊ लोण्याचा हात नीट लावा, अगदी वरच्या काठापर्यंत, कारण कॅरॅमल कडेने उकळत वर येतं आणि तिथेच केकला धरून ठेवतं. तळाला बटर पेपर घालावा का, हे बरेच जण विचारतात. पेपर अगदी सपाट बसत असेल तर नुकसान नाही. पण त्याला एक जरी सुरकुती असली तरी कॅरॅमल तिच्याखाली शिरतं आणि ती सुरकुती अननसावर उमटते. वर सांगितल्यासारखं मऊ कॅरॅमल असेल तर मला त्याची गरज पडत नाही. तळ सुटा होणारं भांडं मात्र वापरू नका. कॅरॅमल फटीतून गळून ओटीजीच्या खालच्या दांड्यांवर पडतं आणि जळतं.

आता अननस. ताजा घेताय हे उत्तम. केरळच्या वाळकुळमचा, २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेला अननस आपल्याकडे मिळाला तर जरूर घ्या. तो गोड आणि सुवासिक असतो. पण ताज्या फळात भरपूर मोकळा रस असतो आणि तुमच्या केकचा मधला भाग ओलसर राहतो तो बहुधा यामुळेच. भाजताना हा रस सुटतो, कॅरॅमल पातळ होतं, चकत्यांखाली वाफ धरते आणि चकत्या जागेवरून हलतात. डबाबंद चकत्या आधीच शिजलेल्या असतात, म्हणून त्यांच्यात हा त्रास कमी. तुम्हाला ताजाच हवा असेल तर चकत्या आधी शिजवून घ्या.

साल आणि डोळे काढून सुमारे १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा. मधला दांडा गोल साच्याने किंवा पाइपिंगच्या मोठ्या नोझलने काढा. जाडी सगळीकडे सारखी असू द्या. एक बाजू जाड आणि दुसरी पातळ असेल तर तिथे केकची पकड असमान होते. पसरट तव्यात चमचाभर लोण्यावर चकत्या मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं परता. सुरुवातीला तव्यात रस जमा होतो, मग तो आटतो आणि चकत्यांच्या कडा किंचित पारदर्शक दिसू लागतात. तिथे थांबा. जमलेला रस फेकू नका, कॅरॅमलला लागणारे दोन चमचे तोच वापरा. चकत्या गार झाल्या की सुती फडक्यात ठेवून हळूच दाबून कोरड्या करा. डबाबंद घेतल्या तरी गाळणीत निथळून असंच फडक्याने टिपायचं, एवढी पायरी गाळू नका.

शिजवण्याचा आणखी एक उपयोग आहे. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं. दही-दुधाशी त्याचा संबंध आला की कडवटपणा येतो. केकच्या मिश्रणात आपण दही घालणार आहोत आणि ते भाजायच्या आधी काही वेळ अननसाला लागून राहणार. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं, त्यामुळे परतलेल्या किंवा डबाबंद अननसाबाबत ही काळजी उरत नाही.

मांडणीत थोडी भूमिती आहे आणि ती आधी समजली तर पुढचा गोंधळ वाचतो. मध्ये एक चकती आणि भोवती सहा, अशी सात चकत्यांची नक्षी हवी असेल तर भांड्याच्या तळाचा आतला व्यास चकतीच्या बरोबर तिप्पट लागतो. डबाबंद चकती साधारण साडेसात सेंटिमीटरची असते, म्हणजे साडेबावीस. २३ सेंटिमीटरच्या भांड्यात ती नेमकी बसते. पण आपल्याकडची बरीच अ‍ॅल्युमिनियमची भांडी वर रुंद आणि खाली थोडी निमुळती असतात, आणि त्यांचं माप वरच्या काठाचं सांगतात. म्हणून पट्टी घेऊन तळ मोजा. तो २१-२२ भरला तर सात चकत्या एकमेकींवर चढतील आणि जिथे चकतीवर चकती असते तिथे उपडं करताना एक हमखास सुटते. तेव्हा मधली चकती अख्खी ठेवून भोवती अर्ध्या चकत्या लावा. ८ इंची भांड्यात चार चकत्या ऐसपैस बसतात, ७ इंचीमध्ये तीन. ताज्या अननसाच्या चकत्या लहानमोठ्या निघतात, त्या एखाद्या वाटीने किंवा साच्याने कापून एका मापाच्या करा आणि कापलेले तुकडे मधल्या फटींत भरा.

चकतीची जी बाजू सुंदर आहे ती खाली ठेवायची. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घाईत सगळेच विसरतात. मधल्या भोकात चेरी ठेवायची असेल तर ती पाकातून काढून पाण्यात धुऊन, पूर्ण कोरडी करून ठेवा, नाहीतर लाल रंग अननसावर ओघळतो. आपल्या बाजारातली पाकातली लाल "चेरी" पुष्कळदा करवंदाची असते. चवीला काही वाईट नाही, पण तिचा रंग जास्त सुटतो. मांडून झालं की भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. कॅरॅमल घट्ट होतं आणि चकत्या जागच्या जागी धरून ठेवतं. नक्षी टिकवण्यासाठी एवढी सोपी आणि एवढी उपयोगी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

मिश्रण घट्ट हवं. पातळ मिश्रण चकत्यांच्या खाली शिरतं आणि उपडं केल्यावर अननसावर केकचे पांढरट डाग दिसतात. या भांड्यासाठी १२० ग्रॅम मऊ लोणी आणि १४० ग्रॅम पिठीसाखर फिकट होईपर्यंत फेटा, दोन अंडी एकेक करून घाला, व्हॅनिला घाला. १८० ग्रॅम मैद्यात १ चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून चाळा. मैदा आणि १०० ग्रॅम घट्ट दही आलटून पालटून मिसळा. चमचा तिरपा केला की मिश्रण ओघळू नये, थबकन पडावं. दही पातळ असेल तर आधी फडक्यात बांधून निथळून घ्या.

हे मिश्रण वरून ओतू नका. चमच्याने छोटे छोटे गोळे आधी चकत्यांच्या मधल्या फटींत ठेवा, मग कडेला आणि शेवटी वर. उलथन्याने पसरवताना मधून कडेकडे जा. आडवं ओढलंत तर चकत्या सरकतात. मध्ये किंचित खोलगट ठेवा, म्हणजे केक मध्ये फुगून घुमट होणार नाही. हा घुमट नंतर केकचा तळ होणार आहे. तो उंच असेल तर उपडं केल्यावर केक ताटात डुगडुगतो आणि मधल्या चकतीजवळ चिरतो.

ओटीजी १७० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, जाळी मधल्या खाचेत. खालच्या खाचेत कॅरॅमल कॉइलच्या फार जवळ येतं आणि केक शिजायच्या आत कडू होतं. साधारण ४० ते ४५ मिनिटं लागतात. वरून लवकर रंग आला तर तिसाव्या मिनिटानंतर फॉइल सैल झाका. सुरी किंवा काडी घालून बघताना ती तळापर्यंत नेऊ नका, अननसाला लागली तर नेहमीच ओली निघेल. मध्यावर, निम्म्या उंचीपर्यंतच घाला. काडी कोरडी आणि कडेला केक भांड्यापासून किंचित सुटलेला दिसला की झालं. कडेला कॅरॅमलचे बुडबुडे मोठे, संथ आणि दाट असावेत. ते अजून पाण्यासारखे झरझर उकळत असतील तर अननसाचा रस आटलेला नाही. आणखी चार-पाच मिनिटं द्या.

आता काढायचं. भांडं बाहेर काढून जाळीवर ठेवा आणि घड्याळ लावा: आठ ते दहा मिनिटं. लगेच उपडं केलंत तर कॅरॅमल अजून पातळ असतं, ताटभर धावतं आणि गरम केक मधून तुटतो. दहा मिनिटांत केक स्वतःला सावरण्याइतका घट्ट होतो आणि कॅरॅमल अजून वाहतं राहतं. पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत, पंख्याखाली, मी आठच मिनिटं थांबते.

या वेळेत पातळ सुरी कडेने एकदाच फिरवा. तिचं पातं भांड्याला टेकलेलं ठेवा, केककडे वळवू नका. वरचा घुमट उंच झाला असेल तर केक भांड्यात असतानाच दातेरी सुरीने आडवा कापून सपाट करा. मग भांड्याहून मोठं, थोडी कड असलेलं ताट भांड्यावर उपडं ठेवा. अगदी सपाट ताटावरून कॅरॅमल ओट्यावर येतं. दोन्ही हातांत जाड मोजे घाला, मनगटापर्यंतचे. कॅरॅमल अंगावर पडलं तर ते चिकटून राहतं आणि पाण्यापेक्षा फार वाईट भाजतं, म्हणून ही काळजी मनापासून घ्या आणि मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. ताट आणि भांडं एकत्र घट्ट धरा आणि अंगापासून लांब, एका सलग हालचालीत उलटं करा. अर्ध्यात थांबलात तर केक एका बाजूला घसरतो आणि चकत्या त्याच्यासोबत सरकतात.

ताट ओट्यावर टेकलं की भांडं लगेच उचलू नका. तसंच एक-दोन मिनिटं ठेवा. केक स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि तळाचं कॅरॅमल निथळून अननसावर येतं. भांड्याच्या तळावर बोटांनी दोन-चार टिचक्या मारा, पण आडवं हलवू नका. आडव्या झटक्याने चकत्या केकवरून निसटतात. मग भांडं सरळ वर उचला, हळू.

उचलताना भांडं हलकं न होता केकसकट वर येतंय असं वाटलं, तर ओढू नका. ताटासकट पुन्हा सरळ करा आणि भांडं गॅसच्या अगदी मंद आचेवर धरून तीस सेकंद सतत फिरवत तळ गरम करा. इंडक्शन असेल तर तापलेल्या ओटीजीत १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवा. कॅरॅमल परत वाहायला लागलं की पुन्हा उपडं करा. यापुढे कधी केक काढायला उशीर झाला तरी हाच उपाय करा. पूर्ण गार झालेला केकही असा अख्खा निघतो, फक्त तळ सगळीकडे सारखा गरम व्हायला हवा.

इतकं करूनही एखादी चकती भांड्यात राहिलीच, तर ती गरम असतानाच पातळ उलथन्याने काढून केकवर आपल्या जागी ठेवा आणि हलकेच दाबा. भांड्यात उरलेलं कॅरॅमल चमचाभर रस घालून गॅसवर पातळ करा आणि चमच्याने त्या चकतीवर आणि तिच्या कडेवर सोडा. जोड दिसत नाही. हे काम पहिल्या पाच मिनिटांत करायचं. नंतर केकचा पृष्ठभाग सुकतो आणि चकती धरत नाही.

तुमच्या पुढच्या केकमध्ये सगळं एकदम बदलायची गरज नाही. कॅरॅमलमध्ये लोणी आणि रस घाला, चकत्या परतून कोरड्या करा आणि दहाव्या मिनिटाला उपडा करा. एवढ्याने मधला ओलसरपणा गेला नाही तर चकत्यांची जाडी आणि भाजायचा वेळ तपासा. नक्षी सरकली असेल तर मिश्रण पातळ होतं किंवा कॅरॅमलचा थर जाड होता, हे कुठे डाग पडलेत त्यावरून कळेल. अननसावर केकचे डाग असतील तर मिश्रण पातळ होतं. डाग नाहीत पण चकत्या एका बाजूला गेल्यात, तर थर जाड होता किंवा उपडं करताना हात अर्ध्यात थांबला.

हा केक त्याच दिवशी, कोमट असताना सर्वांत चांगला लागतो. उरला तर मुंबई-कोकणच्या हवेत रात्रभर बाहेर ठेवू नका. अननसाच्या ओलाव्यामुळे तो लवकर खराब होतो. झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना तुकडा मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद गरम करा, कॅरॅमल परत मऊ होतं.